तीसचाळीस ग्रुप, आणि टेंपोचा निरोप नेमका हुकला

*सल्ला सदर*

पत्र: मी रत्नागिरी तालुक्यात राहते. आमची हापूसची छोटी बाग आहे आणि घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या पाहुण्यांना देतो. माझ्या फोनवर व्हॉट्सअॅपचे तीसचाळीस ग्रुप असतील. वाडीचा, भावकीचा, मुंबईकर मंडळाचा, बचत गटाचा, शाळेचा, नळपाण्याचा, आंबा बागायतदारांचा, टेंपोवाल्याचा, घरगुती निवासवाल्यांचा... दिवसभर टिंगटिंग चालू असायची म्हणून भाच्याने एकदा सगळे गप्प करून दिले, बरेचसे आर्काईव्हमध्ये टाकले. शिमग्याच्या दिवसांत टेंपोवाल्याने ग्रुपवर टाकलं की आज गाडी सातऐवजी चारला सुटणार. मला रात्री कळलं. भरून ठेवलेल्या बावीस पेट्या घरीच राहिल्या. मागच्या वर्षीच्या एका पाहुण्यांनी खोलीसाठी पाठवलेला मेसेजही पाच दिवसांनी दिसला. सगळे आवाज परत चालू केले तर डोकं उठतं आणि बंद ठेवले तर नुकसान. ग्रुप सोडता येत नाहीत, गावात राहायचं आहे. काय करू? फोन अँड्रॉइडचा आहे. आर्काईव्हपुढे कायम 19 असा आकडा दिसतो.

उत्तर:

ताई, सेटिंगला हात लावण्याआधी टेंपोवाल्याला एक काम सांगा. त्याने त्या दिवशी ग्रुपवर टाकलेला तो मेसेज उघडायचा, त्यावर बोट दाबून धरायचं आणि वरच्या तीन टिंबांत जाऊन Info बघायचं. त्याच्याकडे आयफोन असेल तर मेसेज डावीकडे सरकवला की तेच दिसतं. तिथे मेसेज कोणाकोणाच्या फोनवर पोचला आणि कोणी कोणी वाचला अशा दोन याद्या असतात, नावापुढे वेळेसकट. ही माहिती फक्त पाठवणाऱ्याला दिसते, म्हणून त्यालाच विचारायला लागेल.

तुमच्या नावापुढे पोचल्याची वेळ दुपारचीच असेल, तर फोनने मेसेज घेतला होता आणि तुम्हाला सांगितलं नाही. मग दोष म्यूट, आर्काईव्ह किंवा आवाजाच्या सेटिंगमध्ये आहे. पोचल्याची वेळच रात्रीची असेल, म्हणजे तुम्ही व्हॉट्सअॅप उघडलंत तेव्हाची, तर मेसेज फोनपर्यंत आलाच नव्हता. मग रेंज, नेट किंवा बॅटरी वाचवणारी सेटिंग हे कारण. हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. कित्येक जण पहिल्या आजारासाठी फोन बंद-चालू करत बसतात आणि दुसऱ्यासाठी ग्रुपचे आवाज वाढवत बसतात.

तुमच्या पत्रावरून पहिला आजार नक्की आहे. दुसराही थोडा असू शकतो, त्याकडे पुढे येऊ.

भाच्याने नेमकं काय केलं

म्यूट आणि आर्काईव्ह ही दोन वेगळी कामं आहेत. म्यूट केलेला ग्रुप मुख्य यादीतच राहतो. त्याच्यापुढे घंटेवर काट मारल्याचं चिन्ह येतं, नवीन मेसेज आला की तो वर सरकतो, न वाचलेल्यांचा आकडाही दिसतो. फक्त आवाज होत नाही. म्हणजे दिवसातून चार वेळा तुम्ही व्हॉट्सअॅप उघडलंत तर म्यूट केलेला ग्रुप चार वेळा तुमच्या नजरेखालून जातो.

आर्काईव्ह केलेला ग्रुप यादीतून नाहीसाच होतो. आवाज नाही, वर सरकणं नाही. वर फक्त Archived अशी एक ओळ आणि तिच्यापुढे आकडा. तो 19 म्हणजे एकोणीस मेसेज नव्हेत. आत एकोणीस ग्रुप किंवा माणसं अशी आहेत ज्यांचं काही ना काही वाचायचं राहिलंय. एकेकात दोनशे मेसेज असले तरी आकडा एकोणीसच राहणार. आत सुप्रभातवाले चारपाच ग्रुप असले की तो आकडा कधी शून्यावर येतच नाही, आणि कायम दिसणाऱ्या आकड्याकडे माणूस बघायचं सोडतो. टेंपोचा निरोप त्या एकोणिसात बसला होता.

पाहुण्यांचंही तेच झालं असणार. पाहुणे परत गेल्यावर त्यांचं संभाषण आर्काईव्हमध्ये गेलं. पूर्वी आर्काईव्हमधल्या माणसाचा नवा मेसेज आला की तो आपोआप बाहेर यायचा. 2021 पासून व्हॉट्सअॅपने ही रीत बदलली. आता Settings, मग Chats, आणि तिथे Keep chats archived हे बटण चालू असेल तर नवा मेसेज आला तरी संभाषण आतच राहतं, आणि ते एकट्या माणसांनाही लागू आहे. तेव्हा मागच्या मे महिन्यातले पाहुणे यंदा परत लिहितात तेव्हा फोन हूं की चूं करत नाही.

हे बटण बंद केलं तर काय होईल? नवीन मेसेज येताच आतले ग्रुप एकेक करून मुख्य यादीत परत येतील. दोन दिवसांत भाच्याची मेहनत पाण्यात. त्यापेक्षा बटण चालू राहू द्या आणि आत काय ठेवायचं ते बदला. Archived उघडा, हवं ते नाव दाबून धरा, वर चौकटीतून वर जाणाऱ्या बाणाचं चिन्ह येईल, ते दाबा. सगळ्यात आधी सगळे पाहुणे बाहेर काढा, एकूण एक. ज्याच्याकडून कधी पैसे येऊ शकतात तो माणूस आर्काईव्हमध्ये ठेवू नये, हा धंदा करणाऱ्याने पाळायचा साधा नियम आहे. यादीत गर्दी वाटली तर वरच्या पट्टीत All, Unread, Groups असे जे पर्याय दिसतात तिथेच अधिकच्या चिन्हाने ‘पाहुणे’ नावाची यादी करून त्यांना तिच्यात घाला. या यादीने आवाजात काही फरक पडत नाही, ती फक्त शोधायच्या सोयीची.

कोणाला कुठे बसवायचं

आता ग्रुपची विभागणी. बहुतेक लोक ती गोंगाटावरून करतात. जो जास्त वाजतो त्याला गप्प, जो कमी वाजतो तो चालू. तिथेच फसतात, कारण तुमचा टेंपोचा ग्रुपही हंगामात भरपूर वाजतो. कोणाच्या किती पेट्या, कोणाची गाडी कुठे थांबणार, वाशीला काय भाव लागला, सगळं तिथेच. विचारायचा प्रश्न असा: इथला निरोप मला तासाभराने कळला तर काही बुडेल का?

टेंपोच्या ग्रुपला उत्तर ‘हो’. घरगुती निवासवाल्यांच्या ग्रुपलाही बहुधा ‘हो’, कारण कोणाकडे खोली भरली की तो तिथे टाकतो, ‘चार माणसं, आजच्या रात्रीसाठी, कोणाकडे जागा?’, आणि पहिला हात वर करणाऱ्याला पाहुणे मिळतात. हे दोन आवाजासकट चालू. घरातल्या माणसांचा एखादा ग्रुप असेल तर तो तिसरा. याच तिघांना वर पिन करा. ग्रुपवर बोट दाबून धरलं की टाचणीचं चिन्ह येतं. व्हॉट्सअॅप तीनच संभाषणं वर पिन करू देतं, आणि तेच बरं आहे.

शाळा, नळपाणी, बचत गट, आंबा बागायतदार यांचा निरोप तासाभराने कळला तर काही होत नाही, पण दोन दिवसांनी कळला तर होतं. हप्त्याची तारीख जाते, पाणी कधी येणार ते कळत नाही, फवारणीचा सल्ला हुकतो. हे आर्काईव्हमधून बाहेर हवेत, पण म्यूट. ग्रुप उघडून वरच्या नावावर टॅप करा, Notifications मध्ये जा, Mute notifications. तिथे तीन मुदती दिसतात: आठ तास, एक आठवडा, कायम. यांच्यासाठी ‘कायम’. मग सकाळी चहाबरोबर आणि रात्री जेवण झाल्यावर वरच्या पट्टीतलं Unread दाबलंत की न वाचलेले तेवढेच समोर येतात. आर्काईव्हमधले यात मिसळत नाहीत, म्हणून यादी आटोक्यात राहते.

उरलेले, म्हणजे सुप्रभात, विनोद, मागच्या गणपतीचा वर्गणीचा ग्रुप, एका लग्नासाठी काढलेला आणि लग्नानंतरही न मेलेला ग्रुप, हे आर्काईव्हमध्ये राहू देत. त्यांच्यासाठीच ती जागा आहे.

आठ तासांची मुदत कशासाठी वापरायची तेही सांगतो. शिमग्याला पालखी घरोघर फिरते तेव्हा वाडीच्या ग्रुपवर एका तासात शंभर फोटो पडतात, आणि नेमकी तेव्हाच आंब्याची ये-जा सुरू झालेली असते. त्या दिवशी वाडीचा ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करा. मुदत संपली की तो आपोआप बोलायला लागतो, परत चालू करायचं लक्षात ठेवायला नको. गणपतीत एक आठवडा. ‘कायम’ दाबण्याची सवय लागली की चार महिन्यांनी कोणता ग्रुप आपणच गप्प केलाय हे आठवत नाही.

टेंपोला वेगळा आवाज द्या

बागेत काम करताना फोन कमरेला नाहीतर झाडाखाली पिशवीत असतो. तिथे सगळ्या मेसेजना एकच टिंग असेल तर कान तिला सरावतो आणि ऐकू आली तरी हात फोनकडे जात नाही. टेंपोच्या ग्रुपला स्वतंत्र आवाज द्या. ग्रुपच्या नावावर टॅप, Notifications, आणि त्यात टोन बदलायची जागा. काही फोनवर आधी Custom notifications वर बरोबरची खूण करायला लागते, मग टोनची ओळ उघडते. टोन लांब निवडा, तीनचार सेकंद वाजणारा, जोरदार. गोड टिणटिण घेऊ नका, ती कोकिळेत आणि पंपाच्या आवाजात विरून जाते. तिथेच कंपनाचा पर्याय असतो, तोही लांबचा ठेवा.

याच पानावर हल्लीच्या व्हॉट्सअॅपमध्ये Notify for असा पर्याय दिसेल आणि त्यात Highlights. तो घेतला की ग्रुपमधल्या तीनच गोष्टींना आवाज होतो: तुमचं नाव घेऊन लिहिलेलं, तुमच्या मेसेजला दिलेलं उत्तर, आणि ज्यांचे नंबर तुम्ही फोनमध्ये सेव्ह केलेत त्यांचे मेसेज. शहरातल्या सोसायटीच्या ग्रुपला हे झकास चालतं, कारण तिथे निम्मे लोक अनोळखी. गावात त्याचा उपयोग जवळजवळ नाही. वाडीतल्या प्रत्येकाचा नंबर तुमच्याकडे सेव्ह असणार, म्हणजे सुप्रभात पाठवणारे अण्णाही ‘हायलाइट’ ठरतात. तुम्हाला याचा फायदा मुंबईकर मंडळाच्या ग्रुपमध्ये होईल, जिथे बरीच मंडळी फक्त नंबरने दिसतात.

जाता जाता, मुख्य Settings मधल्या Notifications मध्ये Reaction notifications दोनदा दिसतं, एकदा साध्या मेसेजसाठी, एकदा ग्रुपसाठी. दोन्ही बंद करा. कोणी तुमच्या फोटोला अंगठा दाखवला हे फोनने वाजवून सांगायची गरज नाही.

मिसळलेल्या ग्रुपचं दुखणं

खरा त्रास देतो तो वाडीचा ग्रुप. तिथे नव्व्याण्णव मेसेज फुलांचे असतात आणि शंभरावा ‘उद्या सकाळी लाइट नाही, टाक्या भरून ठेवा’. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते बघून वाजायचं की नाही ठरवेल अशी सेटिंग त्यात नाही. व्हॉट्सअॅपला एवढंच कळतं की कोणी पाठवलं, कुठे पाठवलं, आणि त्यात तुमचं नाव आहे का. त्यामुळे इथे तुमच्या फोनइतकंच पाठवणाऱ्याच्या फोनवर काम करायला लागेल.

म्यूट भेदून आवाज करणाऱ्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या आर्काईव्हलाही भेदतात. कोणी @ लिहून तुमचं नाव घेतलं, किंवा तुमच्याच मेसेजला उत्तर दिलं, की फोन सांगतो. आर्काईव्हमध्ये असं घडलं तर वरच्या Archived ओळीपुढे @ चिन्हही येतं. आता लोक इथे काय चुकतात ते बघा. ते हाताने ‘@ताई गाडी चारला’ असं लिहितात. त्याने काही होत नाही. @ दाबल्यावर ग्रुपमधल्या नावांची यादी वर येते, तिच्यातून तुमचं नाव बोटाने निवडायला लागतं. निवडलेलं नाव वेगळ्या रंगात दिसतं. नाव बाकीच्या मजकुरासारखंच साधं दिसत असेल तर समजा की ते नुसतं लिहिलंय, फोन वाजणार नाही.

प्रत्येक जण तुमचं नाव निवडेल ही अपेक्षा ठेवू नका. त्यापेक्षा दुसरा मार्ग तुमच्या हातात आहे. ज्या दिवशी पेट्या जायच्या त्या दिवशी सकाळी तुम्हीच ग्रुपवर विचारा: ‘दादा, आज माझ्या बावीस पेट्या आहेत. गाडीची वेळ बदलली तर ह्याच मेसेजला उत्तर द्या.’ त्याने तुमचा मेसेज उजवीकडे सरकवून उत्तर दिलं की तुम्हाला सूचना येणारच, ग्रुप म्यूट असला तरी. खाली सुटा मेसेज टाकला तर नाही. उत्तरात तुमचा मूळ मेसेज चौकटीत वर दिसत असेल तर ते खरं उत्तर. टेंपोवाल्यालाही हे सोयीचं पडतं, कारण कोणाच्या किती पेट्या हेही त्याला तिथेच मिळतं.

याहून पक्का बंदोबस्त म्हणजे टेंपोवाल्याला दुसरा ग्रुप काढायला लावणं. नाव साधं: ‘गाडीची वेळ’. त्यात पेट्या पाठवणारे सगळे, पण लिहायचा अधिकार फक्त अॅडमिनला. ग्रुपच्या नावावर टॅप करून Group permissions मध्ये जायचं आणि सदस्यांसाठी Send messages हे बंद करायचं. मग तिथे दिवसाला एक किंवा दोनच मेसेज पडतात, आणि ग्रुप वाजला म्हणजे गाडीचंच काही आहे हे न बघता कळतं. गप्पा, भाव, फोटो सगळं जुन्या ग्रुपवर चालू राहू दे आणि तो जुना ग्रुप खुशाल म्यूट करा. अॅडमिन दोन ठेवायला सांगा, टेंपोवाला आणि पेट्या भरून घेणारा, म्हणजे गाडी चालवताना त्याला टाइप करायला नको. पाण्याच्या ग्रुपलाही हाच उपाय चालेल. पाणी सोडणाऱ्यालाच रोज पन्नास जणांचे ‘ओके’ बघायचे नसतात, तो आनंदाने तयार होईल.

मेसेज ग्रुपमध्ये वर पिन करण्याची सोय आहे, 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवसांसाठी. ती चांगली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. ग्रुप उघडणाऱ्याला वर निरोप दिसतो एवढंच. न उघडणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

फोनची स्वतःची सेटिंग

व्हॉट्सअॅपमध्ये सगळं नीट करूनही आवाज होत नसेल तर फोनच्या Settings मध्ये Apps, तिथे WhatsApp, आणि Notifications उघडा. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, प्रत्येक अॅपच्या सूचना वेगवेगळ्या प्रकारांत विभागलेल्या असतात. इथे तुम्हाला Message notifications आणि Group notifications अशा वेगळ्या ओळी दिसतील. वरून पडदा ओढल्यावर एखादी सूचना दाबून धरली की Silent असा पर्याय येतो. कंटाळून कोणीतरी एकदा तो दाबतो, समज असा की हा एकच ग्रुप गप्प होईल. पण पुष्कळदा त्या प्रकारातले सगळेच ग्रुप गप्प होतात, आणि व्हॉट्सअॅपच्या आत बघावं तर म्यूट कुठेच नाही. ओळखायची खूण अशी: पडदा ओढल्यावर मेसेज खालच्या Silent मथळ्याखाली पडलेला दिसतो. तसं असेल तर त्या प्रकाराच्या ओळीत जाऊन परत Default किंवा Alert करा.

आता दुसरा आजार. पोचल्याची वेळच उशिराची असेल, किंवा व्हॉट्सअॅप उघडताच पंधरावीस मेसेज एकदम धबाधब पडत असतील, तर फोन बॅटरी वाचवण्यासाठी व्हॉट्सअॅपला मागच्या मागे झोपवतोय. आपल्याकडे जास्त खपणाऱ्या अँड्रॉइड फोनांत हे सर्रास होतं. Apps मधल्या WhatsApp मध्येच Battery ची ओळ असते. तिथे Unrestricted किंवा No restrictions निवडा. काही कंपन्यांच्या फोनात Autostart किंवा Auto launch असं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. याच पानावर मोबाइल डेटाच्या ओळीत Background data बंद नाही ना, तेही बघा.

भाच्याने हौसेने आणखी एक केलं असण्याची शक्यता आहे. व्हॉट्सअॅपच्या Privacy मध्ये Calls, आणि तिथे Silence unknown callers. हे चालू असेल तर सेव्ह न केलेल्या नंबरवरून आलेला व्हॉट्सअॅप कॉल वाजत नाही, फक्त कॉलच्या यादीत दिसतो. खोल्या देणाऱ्याला प्रत्येक नवा पाहुणा अनोळखीच असतो, तेव्हा तुमच्यासाठी ते बंद हवं.

आणि एका गोष्टीला सेटिंग नाही. लाइट गेली, टॉवर बसला, की मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाही. पावसात तर हे नेहमीचंच, पण मे महिन्यातल्या वळवाच्या पावसातही होतं. टेंपोवाल्याशी एवढं ठरवून घ्या की सुटायला तीन तासांपेक्षा कमी वेळ असताना वेळ बदलली तर ग्रुपवर टाकून थांबायचं नाही, साधा फोन करायचा. फोन लागला नाही तर साधा एसएमएस. त्याला नेट लागत नाही, रेंजची एक काडी आली तरी येऊन पडतो. रात्री फोन Do Not Disturb वर ठेवत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये टेंपोवाल्याला तारांकित संपर्क करून तारांकितांच्या कॉलना परवानगी द्या. तिथेच Repeat callers हेही चालू ठेवा, म्हणजे पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करणाऱ्याचा कॉल वाजतो.

करून झाल्यावर तपासा

हे सगळं बसवल्यावर शेजारच्या कोणाला तरी हाताशी धरा, जी टेंपोच्या आणि वाडीच्या अशा दोन्ही ग्रुपवर आहे. तुमचा फोन लॉक करून अर्धा तास टेबलावर पडू द्या, लगेच तपासू नका, कारण बॅटरीची सेटिंग फोन निवांत पडल्यावरच आपला रंग दाखवते. मग तिला तीन मेसेज पाठवायला सांगा. पहिला एकट्या तुम्हाला, दुसरा टेंपोच्या ग्रुपवर, तिसरा म्यूट केलेल्या वाडीच्या ग्रुपवर तुमचं नाव @ ने निवडून. तिन्ही वाजायला हवेत, दुसरा त्याच्या लांब आवाजात.

एकही वाजला नाही आणि तिला एकच करडी टिक दिसत असेल तर बॅटरी किंवा नेट. दोन टिका दिसूनही पहिला वाजला नाही तर फोनच्या सेटिंगमधली Message notifications ची ओळ बघा. पहिला वाजला पण दुसरा नाही, तर आधी Group notifications ची ओळ, मग टेंपोचा ग्रुप अजून आर्काईव्हमध्ये किंवा म्यूट तर नाही ना ते. फक्त तिसराच वाजला नाही, तर शक्यतो तिने नाव यादीतून न निवडता हाताने लिहिलंय.

हंगाम संपून जूनमध्ये टेंपो बंद झाला की तो ग्रुप खुशाल आर्काईव्ह करा. मात्र त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या फेब्रुवारीच्या एक तारखेला ‘टेंपोचा ग्रुप बाहेर काढणे’ अशी नोंद टाकून ठेवा, कारण पहिली पेटी भरताना ते हमखास विसरायला होतं.